‘हँडल केलंय’ म्हणजे नेमकं काय केलंय?

माझी रूममेट यंदा एमएस्सी केमिस्ट्री झाली. गेल्या महिन्यात तिने एका अ‍ॅनालिटिकल लॅबमध्ये रिसर्च असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज केला. कव्हर लेटर तपासायला माझ्याकडे दिलं, कारण मी पत्रकारितेची, म्हणजे माझं इंग्रजी चांगलं असा तिचा गोड गैरसमज! पत्रात लिहिलं होतं, ‘मी मेहनती असून मला एचपीएलसी, जीसी, एफटीआयआर आणि एनएमआर हाताळण्याचा अनुभव आहे.’

मी विचारलं, ‘एनएमआर तू स्वतः चालवलास?’ ती म्हणाली, ‘छे गं! सॅम्पल बाहेर पाठवलं होतं. आलेला स्पेक्ट्रम मी वाचला.’

आता सांगा, हे वाक्य किती जणांच्या पत्रात असेल? तुमच्याही असेल. त्यात आपलाच सगळा दोष आहे असंही नाही. बऱ्याच कॉलेजांत मशीन एक, विद्यार्थी तीस. सर बटण दाबतात, आपण मागून बघतो आणि जर्नलमध्ये ‘परफॉर्म्ड’ लिहितो. पण लॅब चालवणाऱ्याला हे माहीत असतं. म्हणून मशीनची यादी वाचून त्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याला हवा असतो असा माणूस, जो आकडा विचित्र आल्यावर थांबेल. माझं मत साधं आहे: पत्रात यादी नको, बिघडलेला एक दिवस लिहा.

रूममेटकडे तसा दिवस होता. प्रोजेक्टमध्ये ती चहा पावडरमधलं कॅफिन एचपीएलसीवर मोजत होती. मिथेनॉल-पाण्याचं मिश्रण मिनिटाला 1 मिली वेगाने कॉलममधून जात होतं. सकाळी कॅफिनचा पीक 6.2 मिनिटांना आला. दुपारी तेच स्टँडर्ड पुन्हा टोचलं, तर 5.7 ला! पंपाचं प्रेशरही थोडं उतरलेलं. हे सोडून देण्यासारखं नव्हतं. सॉफ्टवेअर कॅफिनला ठरलेल्या वेळेच्या आसपासच शोधतं. पीक त्या चौकटीबाहेर गेला की चहात कॅफिनच नाही, असा रिपोर्ट निघू शकतो.

सगळे म्हणाले, कुठेतरी गळती असेल. हिने विचार केला, गळतीने प्रेशर उतरतं हे खरं, पण मग कॉलममधून द्रव कमी जाईल आणि पीक उशिरा येईल. इथे तर तो लवकर आलाय. तरी खात्रीसाठी तिने डिटेक्टरमधून बाहेर येणाऱ्या नळीखाली 10 मिलीचा व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्क धरला आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. बरोबर 10 मिनिटांत फ्लास्क खुणेपर्यंत भरला. म्हणजे पंप ठीक, गळती नाही.

मग लक्षात आलं की दुपारी एसी बंद पडला होता आणि त्या मशीनला कॉलम ठरावीक तापमानाला ठेवणारा ओव्हन नव्हता. खोली तापली, मिश्रण पातळ झालं, म्हणून प्रेशर उतरलं. गरम कॉलम कॅफिनला कमी धरून ठेवतो, म्हणून पीक लवकर आला. एसी दुरुस्त झाल्यावर तिने तो तासभर आधी लावला. पीक पुन्हा 6.2 ला. तेव्हापासून दर पाच सॅम्पलनंतर ती एक स्टँडर्ड टोचायची, वेळ सरकली तर लगेच दिसावं म्हणून. त्या दुपारची सॅम्पल्स तिने पुन्हा केली.

नवीन पत्रात हेच सात-आठ ओळींत आलं. खाली तिने स्पष्ट लिहिलं: ‘एचपीएलसी स्वतः चालवला आहे. जीसी प्रात्यक्षिकात पाहिला आहे. एनएमआर चालवलेला नाही, साध्या रेणूंचे स्पेक्ट्रम वाचता येतात.’ ‘मेहनती’ शब्द मीच खोडला. आमच्याकडे बातमीतूनही पहिल्यांदा विशेषणंच उडतात.

तुम्ही म्हणाल, आम्हाला एचपीएलसीला हातच लावू दिला नाही, मग काय लिहायचं? टायट्रेशन तर केलंय ना? सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून गेल्या आठवड्याचं नॉर्मॅलिटीचं लेबल न मानता तुम्ही ते पुन्हा स्टँडर्डाइझ केलं असेल, तर तेच लिहा. दोन्ही आकडे द्या, आधीचा आणि नंतरचा.

अशा पत्राने नोकरी मिळतेच असं नाही. काही ठिकाणी पत्र कुणी उघडतही नाही. पण जिथे वाचतात, तिथे मुलाखत त्यातूनच सुरू होते आणि खोटं ‘हँडल केलंय’ तिथे दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. रूममेटला बोलावणं आलं. पहिला प्रश्न होता, ‘त्या दुपारची सॅम्पल्स पुन्हा का केलीस? आकडे हातानेही दुरुस्त करता आले असते.’ ती यावर वीस मिनिटं बोलली. निकाल अजून यायचाय. तोवर तुमचं पत्र उघडा आणि ‘हँडल’ शब्द कितीदा आलाय ते मोजा.