डाउनलोड झालंय, पण कुठवर?



माझी मुलगी एका ऑनलाइन संस्थेकडून तबला शिकते. वर्षाची वर्गणी आम्ही भरतोच, शिवाय कायद्यांचे बारा धडे वेगळे पैसे देऊन विकत घेतलेले. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही वडोदऱ्याहून इंदूरला आत्याकडे निघालो होतो. दाहोदच्या पुढे नेटवर्क गेलं. लेकीने आधीच उतरवून ठेवलेला धडा उघडला, तर पडद्यावर अक्षरं आली: "License expired".

"आई, डाउनलोडची खूण तर दिसतेय!" ती म्हणाली. मला खरी धडकी भरली ती वेगळ्याच कारणाने. वर्गणी ३० सप्टेंबरला संपत होती आणि तिची गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात. मधल्या दोन महिन्यांत रियाज कशावर करायचा?

घरी आल्यावर भाच्याने उलगडा केला. ॲपमध्ये उतरवलेला व्हिडिओ ही कुलूपबंद पेटी असते. पेटी आपल्या फोनमध्ये, पण किल्ली संस्थेकडे, आणि त्या किल्लीला मुदत असते. ॲप अधूनमधून इंटरनेटला जोडून किल्लीची मुदत वाढवून घेतं. बरेच दिवस ॲप इंटरनेटवर उघडलंच नाही किंवा वर्गणी संपली, की किल्ली चालत नाही. पेटी मात्र फोनमधली जागा अडवून बसते. ओळखायचं कसं? फोनच्या फाइल्समध्ये धडा शोधायचा. तिथे नेहमीच्या व्हिडिओसारखा सापडून दुसऱ्या प्लेअरवर चालला, तर तो आपल्या हातातला. फक्त ॲपमध्येच दिसला, तर तो उसना.

मग मी संस्थेला ईमेल लिहिली. मूळ इंग्रजीत होती, तिचा मराठी मजकूर असा:

"महोदय, माझी वार्षिक वर्गणी ३० सप्टेंबरला संपते. शिवाय मी बारा धडे वेगळे विकत घेतले आहेत. त्यांची पावती सोबत जोडली आहे. कृपया कळवा:
१. विकत घेतलेले धडे वर्गणी संपल्यावर किती दिवस पाहता येतील आणि किती दिवस नव्याने डाउनलोड करता येतील?
२. आधी डाउनलोड केलेले धडे इंटरनेटशिवाय किती दिवस चालतील?
३. फोन बदलला किंवा ॲप काढून पुन्हा टाकलं, तर ते परत उतरवता येतील का?
४. बोलांची पीडीएफ आणि लेहऱ्याचे ऑडिओ साध्या फाइल म्हणून कोणत्या तारखेपर्यंत मिळतील?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "विकत घेतलेल्या धड्यांना आजीवन ॲक्सेस आहे." ऐकायला गोड, पण माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. आजीवन म्हणजे कुणाचं जीवन? आणि ॲक्सेस म्हणजे नुसतं पाहणं की डाउनलोडही? इथे तबल्यातला नव्हे, तर खरा कायदा कामी आला. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. मी तीच ईमेल त्या पत्त्यावर पाठवली आणि वर एक ओळ लिहिली: "प्रत्येक प्रश्नाला दिवस किंवा तारीख द्यावी."

आठवड्याने नीट उत्तर मिळालं. विकत घेतलेले धडे खातं चालू असेपर्यंत ऑनलाइन दिसतील. ते ॲपमध्ये डाउनलोड करण्याची सोय मात्र वर्गणीबरोबर मिळते, म्हणून ती ३० सप्टेंबरलाच बंद होईल आणि आधीची डाउनलोडही त्याच दिवशी कुलूपबंद होतील. तोपर्यंत ॲप तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटवर उघडायला हवं. फोन बदलला तर त्या तारखेच्या आत धडे पुन्हा उतरवता येतील. पीडीएफ आणि ऑडिओ साध्या फाइल आहेत. त्या ३० सप्टेंबरपर्यंत उतरवून घेतल्या, तर पुढेही चालतील.

म्हणजे आजीवन होतं ते पाहणं, तेही इंटरनेट असेल तरच. त्या रविवारी आम्ही मायलेकींनी सगळ्या पीडीएफ आणि लेहरे उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवले. जे धडे फक्त वर्गणीत होते, ते ३० तारखेच्या आत पुन्हा पाहून लेकीने त्यांतले बोल वहीत लिहून काढले. संस्थेचं उत्तरही पीडीएफ करून पावतीशेजारी ठेवलं.

१ ऑक्टोबरला सकाळी फोन एअरप्लेन मोडवर टाकून पाहिला. व्हिडिओ बंद, लेहरा चालू. लेकीने वही उघडली आणि तीनतालाचा कायदा सुरू केला.