नव्वद दिवस पुरेसे नाहीत

रक्तदान शिबिरात बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब तळाला गेला की हिमोग्लोबिन किमान 12.5 ग्रॅम आहे असे मानून दात्याला खाटेवर घेतले जाते. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत मांद्रे, कोरगावपासून साखळी, मयेपर्यंत वाढदिवस, पुण्यतिथी, मंडळाचा वर्धापनदिन अशा निमित्तांनी शिबिरे होतात. तिथे ठरलेली माणसे दर तीन-चार महिन्यांनी हात पुढे करतात. बांबोळी, म्हापसा आणि मडगाव येथील सरकारी रक्तपेढ्यांचा मोठा भार अशाच दात्यांवर आहे. त्यांच्या शरीरातले लोह किती उरले आहे, हे मात्र ते निळे द्रावण सांगू शकत नाही.

हिशेब साधा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे 3.4 मिलिग्रॅम लोह असते. पेडण्यातला एखादा साठ किलो वजनाचा तरुण घ्या, हिमोग्लोबिन 14. त्याने 350 मिलिलिटर रक्त दिले तर जवळपास 165 मिलिग्रॅम लोह त्याच्या शरीरातून गेले. पंचावन्न किलोंवरच्या दात्याकडून 450 मिलिलिटर घेता येते. तेवढे घेतले तर हा आकडा 210च्या पुढे जातो. वर्षात चार वेळा 350 मिलिलिटर दिले तरी 660 मिलिग्रॅम लोह गेले, म्हणजे दिवसाला 1.8 मिलिग्रॅम. शरीरातून एरवी रोज झडणारे एक मिलिग्रॅम धरले तर या तरुणाच्या आतड्याने रोज 2.8 मिलिग्रॅम लोह शोषायला हवे. आपल्या जेवणातले लोह साधारण आठ टक्के शोषले जाते असे धरून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. चार वेळा रक्त देणाऱ्याला त्याच हिशेबाने 35 लागेल. तेवढे कुणाच्या ताटात असते?

मग पुढच्या शिबिरात त्याचे हिमोग्लोबिन पुन्हा पुरेसे कसे भरते? कारण शरीर साठा मोडून रक्त बनवते. रक्त गेले की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन वाढते आणि अस्थिमज्जा नव्या लाल पेशींसाठी लोह मागू लागते. यकृतातले हेप्सिडिन हे संप्रेरक उतरते, त्यामुळे आतड्याची लोह शोषण्याची दारे अधिक उघडतात आणि यकृत, प्लीहा, मज्जा यांतला साठाही मोकळा होतो. हा साठा फेरिटिन नावाच्या प्रथिनात बांधलेला असतो आणि त्याचा थोडा अंश रक्तात फिरतो. रक्तात लिटरमागे एक मायक्रोग्रॅम फेरिटिन म्हणजे ढोबळमानाने आठ मिलिग्रॅम साठा. फेरिटिन 80 असेल तर साठा सुमारे 640 मिलिग्रॅमचा. तेच 30 असेल तर जेमतेम 240, म्हणजे एका रक्तदानात बहुतेक सारा संपणारा. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढात 15च्या खालचे फेरिटिन लोहाची कमतरता मानते. हिमोग्लोबिन घसरते ते सगळ्यात शेवटी.

त्याआधीच माणूस थकू लागतो. जिना चढताना धाप, रात्री पाय अस्वस्थ होणे, केस गळणे, बर्फ किंवा कच्चे तांदूळ खाण्याची ओढ, ही लक्षणे हिमोग्लोबिन ठीक असतानाही दिसू शकतात. दाता ती कामाच्या ताणावर ढकलतो, कारण शिबिरात त्याला दर वेळी ‘रक्त चांगले आहे’ असेच सांगितलेले असते.

देशाच्या नियमाने पुरुषाने 90 आणि स्त्रीने 120 दिवसांनी पुन्हा रक्त देण्यास हरकत नाही. या मुदतीत हिमोग्लोबिन बहुधा भरून येते, साठा भरेलच असे नाही. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोहाच्या गोळ्या न घेतलेल्या दात्यांपैकी दोनतृतीयांशांचा साठा 168 दिवसांनंतरही पूर्ववत झाला नव्हता. रोज 37.5 मिलिग्रॅम लोह घेणाऱ्यांचा साठा साधारण 76 दिवसांत भरला. इंग्लंडमध्ये सुमारे 45 हजार दात्यांवर दोन वर्षे झालेल्या चाचणीतही अंतर कमी केले तसे फेरिटिन घटले आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवण्याचे प्रसंग वाढले. नेदरलँड्सने 2017 पासून पहिल्या आणि नंतर दर पाचव्या रक्तदानावेळी फेरिटिन तपासायला सुरुवात केली. ते 15 ते 30 असेल तर सहा महिने, 15च्या खाली असेल तर वर्षभर थांबवायचे, असा त्यांचा दंडक आहे.

गोव्यात हे करणे अवघड नाही. वर्षभरात तिसऱ्यांदा येणाऱ्या दात्याची, आणि मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रीची दुसऱ्यांदा आल्यावर, नळीत घेतलेल्या रक्तातूनच फेरिटिन पाहता येईल. पाळीमुळे स्त्रीचा साठा मुळातच तोकडा असतो, त्यामुळे 120 दिवसांचे अंतर तिच्यासाठी अधिकच अपुरे ठरते. अडचण नोंदींची आहे. एका गावच्या शिबिरात रक्त दिलेला माणूस दुसऱ्या मंडळाच्या आग्रहाने शेजारच्या गावातही उभा राहतो आणि मागची तारीख कुणी विचारत नाही. सगळ्या रक्तपेढ्यांनी दात्याची एकच नोंद पाहिली पाहिजे. पिशव्यांच्या संख्येवर शिबिराचे यश मोजणाऱ्या आयोजकांनीही आपल्या माणसाला ‘या वेळी नको’ म्हणायला शिकले पाहिजे.

आहाराने साठा राखता येतो, पण रिकामा झालेला साठा चटकन भरत नाही. मांस, मासे, तिसऱ्या यांमुळे त्याच ताटातल्या भाजी-उसळीतले लोहही जास्त शोषले जाते. श्रावणात मासळी बंद असलेल्या घरात हा आधार जातो आणि ऑगस्टमध्ये रक्त देणाऱ्याने ते लक्षात ठेवावे. तेव्हा अळसांदे, कुळीथ, तांबडी भाजी यांवर भर द्यावा आणि जेवणात लिंबू किंवा आवळा असावा. काजूच्या हंगामात डिचोली-पेडण्यात मुबलक मिळणारे बोंडूही क जीवनसत्त्वाने भरलेले असतात. जेवणाबरोबरचा चहा मात्र शाकाहारी अन्नातले लोह अडवतो, त्यामुळे तो तास-दीड तास पुढे ढकलावा.

साठा घटला असेल तर गोळीला पर्याय नाही. पण गोळी तपासणीनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. तापात, संसर्गात आणि यकृताच्या विकारात फेरिटिन खोटे वाढते, म्हणून पावसाळ्यातल्या तापानंतर काही आठवडे ती तपासणी करू नये. फेरिटिन पुरेसे असून हिमोग्लोबिन कमी येत असेल तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता तपासावी. वर्षात एकदाच रक्त देणाऱ्या पुरुषाचे फेरिटिन तळाला गेले असेल, तर मूळव्याध, जठरातला व्रण किंवा आतड्याचा रक्तस्राव शोधायला हवा. रक्तदानाला दोष देऊन तो शोध टाळू नये.

नियमित रक्त देणाऱ्या वाचकांनी पुढच्या शिबिरापूर्वी एकदा फेरिटिन तपासून घ्यावे. ते 30च्या खाली असेल तर सहा महिने थांबावे, 15च्या खाली असेल तर वर्षभर. तपासणी होत नसेल तोवर पुरुषांनी वर्षाला दोन आणि स्त्रियांनी एक रक्तदान पुरेसे मानावे. वर्षाला तीन-चार वेळा रक्त देणाऱ्यांची फेरिटिन तपासणी आणि गोळ्या मोफत देण्याचा आदेश आरोग्य खात्याने येत्या 1 ऑक्टोबरच्या राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनापूर्वी काढावा.