मामाची मोटर किती वीज खाते?

पुण्यातल्या पेठेत राहणाऱ्या मुलांना शेतातली मोटर पाहायला फार लांब जावं लागत नाही. हडपसरपलीकडचं मांजरी 2021 साली महापालिकेत आलं. समजा, तुमच्या मामाचा तिथे भाजीचा मळा आहे आणि विहिरीवर 5 एच.पी.ची मोटर आहे.

“मामा, ही तासाला किती वीज खाते रे?” तुम्ही विचारता.

एक एच.पी. म्हणजे 746 वॅट. पाच एच.पी.चे झाले 3,730 वॅट, म्हणजेच 3.73 किलोवॅट. एक किलोवॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट. मग तासाला 3.73 युनिट, झालं गणित!

थांबा, घाई नको. मोटरच्या पाटीवर लिहिलेले एच.पी. म्हणजे तिचा दांडा फिरवून पंपाला जी शक्ती मिळते ती. वीज मात्र त्याहून जास्त लागते, कारण काही वीज मोटर तापण्यात वाया जाते. मोटरची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर 3.73 ला 0.85 ने भागायचं. उत्तर येतं सुमारे 4.4 युनिट.

मामा रोज 6 तास, महिन्यातून 20 दिवस मोटर चालवतो. 4.4 × 6 × 20 = 528 युनिट. सोपेपणासाठी युनिटला 5 रुपये दर धरू. खर्च झाला 2,640 रुपये. कार्यक्षमता विसरला असतात, तर 2,238 रुपयेच आले असते. चूक चारशे रुपयांची! बिलात स्थिर आकार असतो, तो वेगळा.

आता पडताळा घ्या. मीटरचा आकडा लिहा, मोटर बरोबर एक तास चालवा आणि पुन्हा आकडा पाहा. या वेळात दुसरं काही त्या मीटरवर चालू नको. वाढ साडेचार युनिटच्या आसपास आली, तर हिशेब जमला. बरीच कमी आली, तर मोटरवर पूर्ण भार नाही. विहिरीचं पाणी खाली जाऊन पंप हवा ओढत असेल, तर असंच होतं. मीटर हळू चालतो म्हणून खूश होऊ नका, पाटात पाणी येतंय का ते बघा!

मामा हसून म्हणेल, “अरे, मला कुठे बिल येतं?” खरंच आहे. साडेसात एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपांचं बिल एप्रिल 2024 पासून राज्य सरकारच्या योजनेतून भरलं जातं. पण मामाचं बिल शून्य झालं, तरी 528 युनिट काही शून्य होत नाहीत. ती वीज कुठेतरी तयार करावी लागते आणि तिचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात.

आता तुमची पाळी. मोटर 3 एच.पी., कार्यक्षमता 80 टक्के, रोज 5 तास, 10 दिवस, दर तोच. खर्च किती?

(उत्तर : सुमारे 140 युनिट, 700 रुपये.)