आधी काटा, मग मोबाइल

मार्च उजाडला की आमच्या भागात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. बाजारात नव्या मिरचीचे ढीग पडतात आणि कांडपाच्या डंकापुढे पिंपांची रांग लागते, ही एक. आणि ८ मार्चच्या आगेमागे गावोगावच्या समाजमंदिरात कुणीतरी पाहुणा बचत गटाच्या महिलांना ‘आता तुमचा माल घरबसल्या जगभर विका’ असे सांगतो आणि शाल-श्रीफळ घेऊन गाडीत बसतो, ही दुसरी. यंदा तो पाहुणा होण्याची पाळी आमच्यावर आली. भाषण लिहून नेले होते, ते खिशातच राहिले. कारण माइक हातात घेण्याआधीच गटाच्या सचिव ताईंनी हिशेबाची वही पुढे केली. “साहेब, दिवाळीला आम्ही ऑनलाइन केलं. साठ पाकिटं गेली. पैसे मात्र कुठं गेले ते कळेना.”

गटाचा माल म्हणजे कांदा-लसूण मसाला, उडदाचे पापड आणि कुरडया. मसाल्याचे पाकीट पाव किलोचे, किंमत १६० रुपये, ‘डिलिव्हरी फ्री’. वहीत खर्च लिहिला होता ८० रुपये. म्हणजे दामदुप्पट. मग पैसे गेले कुठे?

पहिली चूक सापडली ती काट्यावर. मिरची, सुके खोबरे, कांदा, लसूण, तीळ, धणे, गरम मसाला असा एका खेपेचा सगळा कच्चा माल १२ किलो भरला होता. तेल, गॅस आणि डंकाची कांडणावळ धरून खर्च ३,६०० रुपये. ताईंनी ३,६०० ला १२ ने भागले आणि किलोला ३०० रुपये धरले. पण मिरचीचे देठ निघतात, उन्हात ती आणखी सुकते, कांद्यातले पाणी परतताना जाते, थोडे डंकालाही लागून राहते. तयार मसाला भरला १० किलो. म्हणजे किलोला ३६० आणि पाकिटाला ७५ नव्हे, ९०. घरच्या घरी वर्षाचे तिखट करणारी बाई हा हिशेब कधीच करत नाही, कारण तिला तो लागत नाही. विकणारीला पहिल्या दिवसापासून लागतो. कच्चा माल नव्हे, तयार माल तोलायचा आणि त्यानेच भागायचे.

दुसरी चूक मजुरीची. दोघीजणी दिवसभर राबल्या. ४०० रुपये रोजाने ८०० रुपये झाले, चाळीस पाकिटांवर प्रत्येकी २०. ते वहीत नव्हतेच. “आम्हीच तर केलं, त्याचे कसले पैसे?” असे एक मावशी म्हणाल्या आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याच मावशी दुसऱ्याच्या शेतात भांगलायला गेल्या तर संध्याकाळी रोज मोजून घेतात. पाकीट आणि लेबल मिळून ८ रुपये होत होते, वहीत ५ होते. पुठ्ठ्याचा खोका आणि चिकटपट्टी १२ रुपये. कुरिअरचे सरासरी ७० रुपये गेले होते, पण ते सचिव ताईंच्या मुलाने वेळोवेळी भरले, म्हणून तेही वहीत नाहीत. ९०, २०, ८, १२ आणि ७०, बेरीज बरोबर २००. विक्री १६०. प्रत्येक पाकिटामागे चाळीस रुपये पदरचे गेले, आणि त्यातले वीस स्वतःच्या घामाचे असल्यामुळे तोटा निम्माच जाणवला.

फुकट पोच ही मोठ्या दुकानदारांनी लावलेली सवय आहे. त्यांच्या गाड्या रोज भरून निघतात. एका पाकिटासाठी खोका बांधणाऱ्या गटाला ती परवडत नाही. आम्ही तिथेच फळ्यावर दुसरा हिशेब मांडला. सुटे पाकीट पाठवायचेच नाही. किमान मागणी किलोची, म्हणजे चार पाकिटे. भाव पाकिटाला १८०. चार पाकिटांचे आले ७२०. मालाचा खर्च ११८ प्रमाणे ४७२, मोठा खोका २०, किलोच्या पार्सलला समजा १२०. एकूण ६१२. उरले १०८. पाव किलो पाठवायला जेवढे पडते त्याच्या चौपट किलोला पडत नाही, एवढीच त्यातली मेख. हेच पार्सल मोठ्या विक्री-संकेतस्थळावरून गेले आणि दलाली व इतर वजावट मिळून शेकड्याला १५ धरली, तर ७२० वर १०८ रुपये होतात. उरलेले सगळे साफ! म्हणून पहिल्या वर्षी आपला व्हॉट्सअ‍ॅपच बरा, असे आमचे मत आहे. ओळखीची पन्नास गिऱ्हाइके पुन्हा पुन्हा मागवू लागली आणि भाव त्यांच्या अंगवळणी पडला, की मग मोठ्या दुकानाचा दरवाजा ठोठावावा.

कुरडयांबद्दल आम्ही बोललो ते काहींना रुचले नाही. या गटाच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र आणि तळल्यावर चौपट फुलणाऱ्या; त्यांचा अभिमान रास्तच. पण कुरिअरवाला नुसते काट्यावरचे वजन धरत नाही. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून तो बहुधा ५,००० ने भागतो आणि या दोहोंतले जे जास्त त्याचे पैसे लावतो. कुरडया मोडू नयेत म्हणून घेतलेला खोका ३० बाय २५ बाय २० चा. गुणाकार १५,०००, भागाकार ३. म्हणजे आत कुरडई अर्धा किलो आणि पैसे तीन किलोचे. एवढे करूनही निम्मा माल चुरा होऊन पोचतो. कुरडई यात्रेत, प्रदर्शनात, तालुक्याच्या दुकानात विकावी. घट्ट भरला जाणारा, जड आणि न मोडणारा मसालाच पार्सलला चालतो. आपला सगळ्यात चांगला पदार्थ आणि पाठवायला सगळ्यात सोयीचा पदार्थ एकच असेल असे नाही.

मसाल्याचीही एक खोड आहे. डंकातून येतो तेव्हा तो गरम असतो. तसाच पाकिटात भरला की आत घाम धरतो आणि दोन-तीन आठवड्यांत गुठळ्या होऊन बुरशीचा वास येतो. ताटात पसरून पुरता गार करायचा आणि नमुन्याचे एक पाकीट बंद करून रात्रभर ठेवायचे. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब दिसले तर तो माल भरायचा नाही. दुसरी अडचण तेलाची. भरताना पाकिटाच्या तोंडाला मसाल्याची पूड लागली, की सीलिंग मशीनची पट्टी तिथे नीट चिकटत नाही. वरून दिसत नाही, प्रवासात मात्र तिथूनच तेल झिरपते. तोंड कोरड्या फडक्याने पुसून मगच सील करायचे आणि पाकीट कोऱ्या कागदावर, वर वरवंटा ठेवून रात्रभर दाबून बघायचे.

कागदपत्रांचे भय उगाच घातले जाते आणि उगाच उडवूनही लावले जाते. खाद्यपदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी हवीच. ती FoSCoS या संकेतस्थळावर होते आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. सोबत पदार्थाचे नाव, घटक (जास्त वजनाचा आधी), शाकाहारी हिरवे चिन्ह, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि वापरण्याची अखेरची तारीख, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. जीएसटीची गंमत अशी की पापडावर कर नाही, मसाल्यावर ५ टक्के आहे. उलाढाल मर्यादेखाली असेल तर राज्यातल्या राज्यात मसाला विकायला जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून विक्री-संकेतस्थळावरून राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही ही सूट आहे. फक्त पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवर नोंद क्रमांक घ्यावा लागतो. मात्र तोच मसाला बेळगावला किंवा पणजीला पाठवला की राज्याची हद्द ओलांडली, आणि नोंदणी सक्तीची होते. कोल्हापूरकडच्या गटांना हे आधी सांगायला हवे. त्यांचे निम्मे सोयरे हद्दीपलीकडे असतात.

मोबाइलविषयी बोलायला आम्हाला शेवटी वेळ मिळाला, आणि तिथे एक जुनीच गोष्ट निघाली. गटाचा व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सचिव ताईंच्या मुलाचा. जानेवारीत त्याला चाकणला नोकरी लागली आणि साठ गिऱ्हाइकांची यादी त्याच्याबरोबर गेली. गटाच्या नावाचे वेगळे सिमकार्ड, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, कॅटलॉगमध्ये एकच पदार्थ, आणि फोन ठेवायची पाळी महिन्या-महिन्याने दोघींकडे. पैसेही कुणा एकीच्या खात्यात नकोत. गटाच्या खात्याचा क्यूआर कोड मिळतो का, ते बँकेत जाऊन विचारावे. पैसे आले का ते गटाच्या खात्यात बघायचे. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर खोका बांधायचा नाही. ‘मी सैन्यात आहे, कँटीनला वीस किलो हवा, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असा फोन त्यांनाही येऊन गेला होता. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, हे आम्ही दोनदा म्हटले आणि मागच्या रांगेतल्या मुलींकडून तिसऱ्यांदा म्हणवून घेतले.

मार्चातलीच आणखी एक तारीख १५ मार्च. १९५९ साली याच तारखेला गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. पुढे त्याचे लिज्जत झाले हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला त्यातली ती चार पाकिटे आणि ओळखीचे गिऱ्हाईक महत्त्वाचे वाटते.

म्हणून “पहिलं पार्सल कुणाला पाठवू?” असे एका काकूंनी विचारले, तेव्हा आम्ही सांगितले की पुण्यात भाची असेल तर तिला, पण भाचीकडून पुरे पैसे घ्या आणि खोका उघडतानाचा फोटो मागवा. सोमवारी तो फोटो सचिव ताईंनी आम्हाला पुढे धाडला. चार पाकिटे, तीन स्वच्छ. चौथ्याच्या उजव्या कोपऱ्यावर रुपयाएवढा तांबडा डाग, आणि खाली भाचीने लिहिले होते, “मावशी, मसाला फक्कड आहे, पण खोक्याला वास लागलाय.” ताईंनी त्याच संध्याकाळी उरलेली छत्तीस पाकिटे कागदावर दाबून बघितली. पाच गळकी निघाली.