मथळ्यातल्या चुकीसाठी संपादकांना पत्र

समजा, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ठळक टाइपात ‘युध्दविराम’ असे छापून आले. सोनकच्छमधल्या मराठी वाचकाने त्याबद्दल संपादकांना पत्र लिहावे का? देवास जिल्ह्यातल्या या गावात दुकानाच्या पाटीपासून शाळेच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे हिंदी दिसते. मराठी कसे लिहावे याचा छापील नमुना मराठी घरात येतो तो एखाद्या पुस्तकातून, मासिकातून नाहीतर वर्तमानपत्रातून. मूल तो मथळा पाहून शब्द उचलते. म्हणून मला वाटते, लिहावे. मात्र आधी खात्री करून घ्यावी.

‘युद्ध’ म्हणताना आधी द् येतो, मग ध. ‘ध्द’ लिहिले की हा क्रम उलटतो, म्हणून ही चूक निर्विवाद आहे. ती का होते हेही समजण्यासारखे आहे. ‘ध’ला शेवटी काना असल्याने काना काढला की अर्धा ध मिळतो. ‘द’ला तसा काना नाही, त्यामुळे त्याचा पाय मोडावा लागतो किंवा ‘द्ध’ हे वेगळे जोडाक्षर वापरावे लागते. अर्ध्या धला द जोडलेला डोळ्यांना सुबक दिसतो आणि सहज निसटतो. प्रसिद्ध, शुद्ध, वृद्ध या शब्दांतही हेच होते.

पण त्याच मथळ्यात ‘शस्त्रसंधी’ असते, तर? हिंदीत ‘संधि’ वाचत वाढलेल्या माळव्यातल्या वाचकाला ती दीर्घ वेलांटी खटकू शकते. तिथे मात्र वर्तमानपत्रच बरोबर. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे तत्सम शब्दाचा अखेरचा इकार मराठीत दीर्घ लिहितात, म्हणून कवी, संधी. समासात तोच शब्द आधी आला की मूळचा ऱ्हस्व परततो, म्हणून कविचरित्र, संधिकाल. या नियमांवर आजही वाद आहेत आणि काही संपादक त्यांतले काही जाणूनबुजून पाळत नाहीत. तिथे चुकीचा आरोप करणारे पत्र अन्यायाचे ठरते. माझ्या मते वादाच्या जागी पत्र लिहूच नये, उच्चारच उलटा होत असेल तिथे जरूर लिहावे.

लिहू नये म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे. अंक रद्दीत जाणार, अर्थ सगळ्यांना कळलाच, आणि मुद्रितशोधकांची संख्या घटलेल्या कार्यालयात रात्री उशिरा काम करणाऱ्या उपसंपादकाच्या मागे आणखी एक कटकट कशाला? यातला शेवटचा मुद्दा मला खरोखर पटतो. मथळा अनेकदा बातमीनंतर, ठरलेल्या रुंदीत बसवत, घाईने लिहिला जातो, आणि मोठी अक्षरे कुणी अक्षर-अक्षर वाचत नाही. म्हणून पत्रात दोष कुणाचा याचा अंदाज बांधू नये. पण अंक रद्दीत जातो हे आता पूर्ण खरे नाही. तो संकेतस्थळावर राहतो, आणि ‘युद्ध’ असा शोध घेणाऱ्याला ‘युध्द’ लिहिलेली बातमी सापडेलच असे नाही. लंडनचे ‘गार्डियन’ १९९७ पासून आपल्या दुरुस्त्या नियमित छापते आणि त्यांत शब्दांच्या स्पेलिंगच्या चुकाही असतात. त्याने त्या पत्राची पत घसरली नाही.

आणखी एक गोष्ट दूरच्या वाचकाने विसरू नये. बाहेरगावची आवृत्ती लवकर छापायला जाते, आणि तिच्यातली चूक शहर आवृत्तीत सुधारलेली असू शकते. म्हणून तारीख, आवृत्ती आणि पान लिहिल्याशिवाय कार्यालयाला शोध लागत नाही. पत्र इतके पुरे:

‘माननीय संपादक, सप्रेम नमस्कार. आपल्या अमुक तारखेच्या, अमुक आवृत्तीच्या पहिल्या पानावरील मुख्य मथळ्यात “युध्दविराम” असे छापले गेले आहे. ते “युद्धविराम” असे हवे. आधी द्, मग ध. संकेतस्थळावरील मथळ्यात दुरुस्ती व्हावी, ही विनंती. हे पत्र प्रसिद्धीसाठी नाही. आपला नियमित वाचक.’

खाली नाव, गाव, पत्ता असावा, कारण निनावी पत्राला मान नसतो. ‘प्रसिद्धीसाठी नाही’ या ओळीवर मतभेद होईल. काहींना वाटते, जाहीर चूक जाहीरच दाखवावी. पहिल्या वेळी मला ते कठोर वाटते, कारण पत्राचा हेतू शब्द सुधारण्याचा आहे, कुणाला चारचौघांत उभे करण्याचा नाही. तोच शब्द पुन्हा तसाच मथळ्यात आला, तर मात्र वाचकांच्या पत्रव्यवहारासाठी खुशाल लिहावे आणि दोन्ही तारखा द्याव्यात.