‘सोलापुरी चादर’ शोधली, पण पहिली दिसली कोणाची?

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा दोन वर्षांपासून मोबाइलवरच्या एका मोठ्या खरेदीच्या ॲपवर सोलापुरी चादरी विकतो. घरात आजोबांच्या काळापासून यंत्रमागाशी संबंध. मागच्या महिन्यात तो घरी आला आणि मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "सर, तुम्हीच शोधून बघा, माझी चादर कुठे दिसते ते."

मी शोधाच्या चौकटीत ‘सोलापुरी चादर’ लिहिलं. पहिल्या चार चौकटींत दोन ठिकाणी पॉलिस्टरचे मऊ ब्लँकेट, एक छापील बेडशीट आणि एक चादर, पण ती सोलापूरची असल्याचं वर्णनात कुठेच नव्हतं. त्या मुलाची चादर बोटाने सात-आठ वेळा वर सरकवल्यावर सापडली. नीट पाहिलं तर वरच्या चारही चौकटींच्या कोपऱ्यात फिकट राखाडी अक्षरांत बारीकसं ‘Sponsored’ लिहिलेलं होतं. म्हणजे त्या जागा विकत घेतलेल्या. माझ्या चष्म्यातूनही ते आधी दिसलं नव्हतं, खोटं कशाला बोलू?

आता गंमत बघा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. दुसऱ्या गावच्या मालावर कोणी ‘सोलापुरी चादर’ असा शिक्का मारून विकला तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. पण या ब्लँकेटवाल्याने आपल्या मालावर सोलापूर कुठेच लिहिलेलं नाही. त्याने फक्त तो शब्द विकत घेतलाय. गिऱ्हाईकाने ‘सोलापुरी चादर’ लिहिलं की माझा माल दाखवा, एवढंच त्याने ॲपला सांगितलं. शब्द गिऱ्हाईकाने लिहिला, विकला ॲपने आणि माल दिसला तिसऱ्याचाच.

ही विक्री होते लिलावाने, आणि लिलाव प्रत्येक शोधाच्या वेळी नव्याने होतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. विक्रेता आधीच सांगून ठेवतो की माझ्या जाहिरातीवर कोणी बोट ठेवलं तर मी अमुक रुपये देईन. नुसती जाहिरात दिसली तर पैसे लागत नाहीत, बोट ठेवलं तरच. पण सगळ्यात जास्त बोली लावणाराच वर येतो असंही नाही. ॲप असा अंदाज बांधतं की शंभर जणांना ही जाहिरात दाखवली तर किती जण तिच्यावर बोट ठेवतील, आणि त्या आकड्याने बोलीला गुणतं.

समजा, एकाने 10 रुपये बोली लावली आणि शंभरातला एक जण त्याच्या जाहिरातीवर बोट ठेवतो. ॲपला शंभर जणांमागे 10 रुपये मिळणार. दुसऱ्याची बोली 6 रुपये, पण त्याच्यावर शंभरातले दोघे बोट ठेवतात. ॲपला 12 मिळणार. वरची जागा 6 रुपयेवाल्याची. आणि त्याला पूर्ण 6 द्यावे लागतात असंही नाही; पहिल्याला मागे टाकायला जेवढे पुरतील तेवढेच, म्हणजे 5 रुपयांच्या किंचित वर. पद्धत साधारण अशी असते, तपशील प्रत्येक कंपनीचे वेगळे. सातवीतल्या मुलालाही जमेल असं गणित आहे. पण त्यात ‘गिऱ्हाईकाने जे मागितलं ते हेच आहे का’ हा प्रश्न फक्त आडून येतो. चित्र आकर्षक असेल, किंमत कमी दिसत असेल तर लोक ब्लँकेटवरही बोट ठेवतातच.

या मुलाने शेवटी स्वतःही जाहिरात सुरू केली. त्याचा हिशोब मी कागदावर मांडून घेतला. चादर 650 रुपयांना. माल पडतो 380 ला. ॲपचं कमिशन, पॅकिंग आणि कुरिअर मिळून 140. उरले 130. जाहिरातीवर एकाने बोट ठेवलं की 6 रुपये जातात, आणि पंधरा जणांनी बोट ठेवलं तर त्यातला एक जण घेतो. म्हणजे एक चादर विकायला जाहिरातीचे 90 रुपये. हातात राहिले 40. त्यातच कोणी चादर परत पाठवली तर जाहिरातीचे 90 काही परत येत नाहीत.

मग त्याने काय केलं? किंमत 699 केली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली हीच जागा गिऱ्हाईकाने नीट बघण्यासारखी आहे. आपल्याला वाटतं, जाहिरातीचा खर्च कंपनी आणि विक्रेता आपसात बघून घेतील. तो खर्च चादरीच्या किमतीत बसलेला असतो. एकट्या ॲमेझॉनला 2024 मध्ये जगभरातून जाहिरातींचे 56 अब्ज डॉलरहून जास्त मिळाले, त्यातला मोठा वाटा तिथेच माल विकणाऱ्यांच्या खिशातून आलेला.

"सर, जाहिरात बंद केली तर?" असं त्याने विचारलं. त्याने एकदा केली होती. पहिल्या आठवड्यात फारसा फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याची चादर बिनपैशाच्या यादीतही खाली घसरली. कारण ती यादी लावताना अलीकडे किती माल विकला गेला, किती लोकांनी शेरे लिहिले, हे मोजलं जातं. जाहिरातीने विक्री वाढते, विक्रीने साध्या यादीतली जागा वर जाते. त्यामुळे ‘खाली स्क्रोल केलं की खरे निकाल सुरू होतात’ असं जे आपण समजतो, ते अर्धंच खरं. ज्याने वर्षभर पैसे ओतले तो तिथेही पुढेच असतो.

कायद्यात काहीच नाही असं मात्र नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार माल कोणत्या निकषांवर वर-खाली लावला जातो हे अशा बाजारपेठेने सोप्या भाषेत सांगायचं आहे. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांची जी 13 प्रकारांची यादी जाहीर केली, तिच्यात वेषांतर केलेली जाहिरातही आहे, म्हणजे बाकीच्या मजकुरात मिसळून जाईल अशी रचलेली जाहिरात. पण राखाडी रंगातला तो एक शब्द लिहिला की वेष उतरला असं कंपन्या धरून चालतात. किती मोठी अक्षरं, कोणता रंग, आणि आमच्या आयांना वाचता येईल अशा भाषेत का नाही? ॲप मराठीत लावलं तरी प्रत्येक ठिकाणी तो शब्द मराठीत येईलच याची खात्री नाही.

तो शब्द दिसला नाही तरी जाहिरात ओळखायच्या दोन खुणा मी घरात सांगून ठेवल्यात. एक, यादी ‘कमी किमतीपासून जास्त’ अशी लावायची. 300, 320, 340 असं चालू असताना मध्येच 899 ची वस्तू डोकं वर काढते, ती बहुधा पैसे देऊन बसलेली. दुसरी, तोच शोध सकाळी आणि रात्री करून बघायचा. विक्रेत्याने दिवसाची रक्कम ठरवलेली असते. ती संपली की त्याची जाहिरात गायब. ज्या चौकटी दोन्ही वेळा बदलतात त्या लिलावातल्या.

मुलगा निघताना मी त्याच्याच चादरीची ऑर्डर द्यायला मोबाइल उघडला. वरच दिसली म्हणून बोट ठेवणार, तोच त्याने हात धरला. "सर, त्या वरच्यावर नको. तीच चादर खाली पण आहे, तिथून घ्या. तेवढेच माझे सहा रुपये वाचतील."