आधी वर्गणी, मग जयंती : परदेशातील मराठी मंडळ आणि आपले मत

एप्रिल उजाडला की परदेशात गेलेल्या आपल्या पोरापोरींचे मेसेज गोंदियात येऊ लागतात. तक्रार ठरलेली असते. इथल्या मराठी मंडळाने संक्रांतीला तिळगूळ वाटला, पाडव्याची गुढी उभारली, गणपतीची वर्गणी आतापासून सुरू आहे, पण बाबासाहेबांच्या जयंतीचा विषय काढला की पदाधिकारी म्हणतात, "आम्ही राजकारण करत नाही." मग ग्रुपवर दोन दिवस निषेध होतो, चार स्टेटस पडतात आणि पुढच्या एप्रिलपर्यंत सगळे शांत.

या निषेधाचा आम्हाला आता कंटाळा आला आहे. राग खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. पण हा राग चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या दारावर व्यक्त होतो. मंडळात काय साजरे होणार हे एप्रिलमध्ये ठरत नाही. ते सभासदत्वाचे नूतनीकरण होते तेव्हा ठरते, आणि नेमके तेव्हा आपण तिथे नसतो.

आधी मंडळ म्हणजे काय ते नीट पाहू. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था, बृहन्महाराष्ट्र मंडळ, १९८१ सालची. शहराशहरातली मंडळे म्हणजे कोणाच्या घरचे हळदीकुंकू नव्हे. त्या नोंदणीकृत संस्था असतात. त्यांना लिखित घटना असते, कार्यकारिणी असते, वार्षिक सर्वसाधारण सभा असते. "मराठी माणूस" या नावाने त्या परक्या देशात बोलतात, तिथल्या महापौराला बोलावतात, सवलती घेतात. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत जे नसते, ते तिथल्या लोकांच्या लेखी मराठी संस्कृतीतच नसते. म्हणून "त्यांचे मंडळ त्यांना लखलाभ" असे म्हणणे आम्हाला मान्य नाही. मराठी ही भाषा आपलीही आहे. मूकनायक आणि बहिष्कृत भारत मराठीतच निघाले.

आता हिशोब करू. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. आपल्या शहरातले आकडे घालून प्रत्येकाने तो पुन्हा मांडावा. समजा एका मंडळाची कुटुंबाची वार्षिक वर्गणी ५० डॉलर आहे. कार्यक्रमाचे तिकीट सभासदाला २५ आणि बिगरसभासदाला ३५ डॉलर. नवराबायको वर्षात चार कार्यक्रमांना गेले तर आठ तिकिटे लागतात. बिगरसभासद म्हणून २८० डॉलर जातात. सभासद म्हणून २०० अधिक ५०, म्हणजे २५०. आपली बरीच मंडळी "आपल्याला कशाला त्यांचे सभासदत्व" म्हणून दारात तिकीट काढतात. म्हणजे ती ३० डॉलर जास्त देतात, शिवाय मतही देऊ शकत नाहीत. तीन कार्यक्रमांना जाणार असाल तरीही वर्गणी भरणेच स्वस्त पडते.

पण खरी गोष्ट पैशाची नाही, मताची आहे. समजा या मंडळात २४० कुटुंबे आहेत आणि प्रत्येक कुटुंबाला एक मत. गणपूर्ती एक दशांश, म्हणजे २४. नाटकाला सभागृह भरते, पण वार्षिक सभेला कोण येते? हिशोबपत्रक वाचले जाते, चहा होतो, लोक घरी जातात. समजा ३४ कुटुंबे आली. साध्या बहुमताला १८ मते लागतात. २४० कुटुंबांच्या मंडळाची वर्षभराची दिशा १८ कुटुंबे ठरवतात! एका महानगरात आंबेडकरी विचारांची १८ मराठी कुटुंबे मिळणे अशक्य आहे का? दहा आपली आणि आठ समतावादी मित्रांची, एवढी जुळवाजुळव पुरे आहे.

इथे अडचणी येतात त्या घटनेतल्या बारीक अक्षरात. म्हणून सभासद झाल्यावर पहिले काम म्हणजे घटनेची प्रत मागणे, आणि तिच्यात चार गोष्टी शोधणे. पहिली, मताचा अधिकार कोणत्या सभासदाला आहे. विद्यार्थी सभासदाची वर्गणी कमी असते, पण त्याला अनेकदा मत नसते. दुसरी, सभेपूर्वी किती दिवस आधी वर्गणी भरलेली हवी. मुदत ६० दिवसांची असेल आणि तुम्ही ५५ दिवस आधी भरली, तर तुम्ही सभेत बसाल, पण हात वर करू शकणार नाही. तिसरी, सभासदाने ठराव मांडायचा तर तो किती दिवस आधी, किती सह्यांनी द्यायचा. चौथी आणि सर्वात महत्त्वाची, कार्यकारिणी कोण निवडते. काही संस्थांत विश्वस्तच पुढचे विश्वस्त नेमतात आणि सभासद म्हणजे फक्त सवलतीचे तिकीट. तसे असेल तर मतांची जुळवाजुळव करण्यात वेळ घालवू नका. तिथे पत्रव्यवहार करा आणि आपली वेगळी संस्था उभी करा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, किंवा कर्ज काढून, एका वर्षाच्या मास्टर्ससाठी सप्टेंबरमध्ये ब्रिटनला पोहोचलेल्या पोरावर हे ओझे टाकू नये. त्याला मत मिळेपर्यंत त्याचा अभ्यासक्रम संपलेला असतो. हे काम तिथे दहा-पंधरा वर्षे स्थिरावलेल्या, घर घेतलेल्या आपल्या नोकरदारांचे आहे. जयंतीला फक्त फोटो टाकून त्यांची जबाबदारी संपत नाही.

ठराव कधी द्यायचा? सभागृहाचे बुकिंग महिनोन्महिने आधी होते. नवी कार्यकारिणी बसली की पहिल्याच बैठकीत वर्षाच्या तारखा लागतात. मार्चमध्ये जयंती मागितली तर "हॉल मिळत नाही" हे उत्तर खरेही असू शकते. म्हणून मागणी वार्षिक सभेत, लेखी आणि नेमकी हवी : १४ एप्रिलच्या लगतच्या शनिवारी डॉ. आंबेडकर जयंतीचा स्वतंत्र कार्यक्रम, वार्षिक पत्रिकेत नावानिशी, अंदाजपत्रकात तरतुदीसह. "जयंती कामाच्या दिवशी येते" हे कारण ऐकून घेऊ नका. पाडवा आणि दिवाळीही तिथे शनिवार-रविवारी सरकवतातच. आणि पाडव्याच्या कार्यक्रमात पाच मिनिटांचे पुष्पार्पण जोडून देतो म्हणाले तर नाही म्हणा. ते जयंती टाळण्याचे साधन आहे.

आता त्या "राजकारण करत नाही" या उत्तराकडे येऊ. अमेरिकेतली बरीच मंडळे ५०१(सी)(३) या कलमाखाली करमुक्त असतात. त्या कलमाची बंदी आहे ती सार्वजनिक पदाच्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करण्यावर. जयंती साजरी करणे म्हणजे कोणाचा प्रचार नव्हे. कायद्यात बदल व्हावा म्हणून प्रयत्न करण्यालाही संपूर्ण बंदी नाही, मर्यादा आहे. २०१६ साली न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्र मुख्यालयात बाबासाहेबांची १२५वी जयंती साजरी झाली. जिथे जगातली सगळी राष्ट्रे बसतात तिथे जी जयंती चालते, ती तुमच्या सभागृहात राजकारण कशी होते? पदाधिकाऱ्याला इतकेच विचारा की घटनेतले किंवा कायद्यातले कोणते कलम आड येते ते लेखी द्या. कलम नसते. असते ती सवय, आणि त्या सवयीला जात असते.

हीच गोष्ट मंडळाच्या सूचनांची. खोली भाड्याने, पोळीभाजीचे डबे, वधूवर, निधन, व्याख्यान, सगळे मंडळ आपल्या सभासदांना कळवते. १९२० साली पैसे देऊ केले तरी केसरीने मूकनायकची जाहिरात छापायला नकार दिला होता. शंभर वर्षांनंतर नकार इतका उघड येत नाही. बुद्धजयंतीची सूचना "तपासत आहोत" म्हणून पडून राहते आणि वैशाख पौर्णिमा निघून जाते. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. अशा कायद्याची माहिती देणारी सभा "वादग्रस्त" ठरते, पण जातीचे नाव टाकून स्थळ मागणारी सूचना वादग्रस्त ठरत नाही. यावर उपाय एकच : सूचनांचा नियम लेखी करायला लावा. कोणती सूचना घ्यायची, किती दिवसांत, नाकारली तर कारण कोण देणार. नियम लिहिला की भेदभाव मोजता येतो.

फोटोंबद्दल मात्र आपल्याच संघटनांना बोलावे लागेल. मंडळांकडे दरवर्षीचे फोटो तारखेवार लावलेले असतात. आपले फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. तिथे त्यांचा आकार घटतो, कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख-ठिकाण पुसले जाते आणि फोन बदलला की संपले. १९५४ साली बाबासाहेबांनी भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली तेव्हा आपला गोंदिया भंडाऱ्यातच होता. त्या दिवसांचे फोटो आपल्या किती घरांत आहेत आणि त्यांतल्या माणसांची नावे कोणाला सांगता येतात? मूळ फाईल जपा. तारीख, गाव, प्रसंग, डावीकडून उजवीकडे नावे आणि फोटो कोणाकडून आला, एवढे प्रत्येक फोटोखाली लिहा. नाहीतर पुढची पिढी मंडळाचे अल्बम पाहून म्हणेल की परदेशात आंबेडकरी मराठी माणूस नव्हताच.

काही मित्र म्हणतात, त्यांच्या दारात कशाला जायचे, आपली संस्था काढू. जरूर काढा. एक काम दुसऱ्याला अडवत नाही. लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जिथे बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ साली घेतले ते ब्रिटनमधल्या आंबेडकरी-बौद्ध संघटनांच्या महासंघाने पाठपुरावा केला म्हणून. पुढे कॅमडेन पालिकेने तिथे संग्रहालयाची परवानगी नाकारली. अपील झाले, जाहीर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. यात घोषणांपेक्षा नोंदणी, पत्रे आणि मुदती जास्त कामाला आल्या. बाबासाहेबांनीही १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली तेव्हा ती रीतसर संस्था म्हणून काढली.

म्हणून यंदा एप्रिलची वाट पाहू नका. गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव, जिथून कोणी बाहेर गेले असेल त्यांना आजच तीन प्रश्न विचारा : तुमच्या मंडळाच्या नूतनीकरणाची शेवटची तारीख कोणती? तुम्हाला मत आहे का? आणि तुमच्याबरोबर हात वर करणारी आणखी सतरा कुटुंबे कोणती?

जय भीम!